संवादाचं इंग्रजी भाषांतर करताना ‘यार’, ‘चाय’ असे शब्द किती ठेवावेत?

प्रश्न: मराठी गप्पांचं इंग्रजी करतेय. ‘यार’, ‘चाय’सारखे किती शब्द तसेच ठेवायचे आणि किती बदलायचे?

उत्तर: एका वाक्यात एक, फार तर दोन. आणि ठेवलेल्या शब्दाचा अर्थ त्याच वाक्यातून लागला पाहिजे.

हे वाक्य घ्या: ‘अरे यार, चल ना, टपरीवर एक कटिंग मारू.’ यातलं सगळंच ठेवलं तर वाचक तीन-चारदा अडखळतो. त्याहून वाईट म्हणजे, अस्खलित मराठी बोलणारा मुलगा मोडकंतोडकं इंग्रजी बोलतोय असं वाटतं. उलट ‘यार’चं ‘मेट’ केलंत की तो थेट लंडनचा होतो.

मी असं करेन: ‘कम ऑन, यार, लेट्स ग्रॅब अ कटिंग ॲट द टी स्टॉल.’ ‘अरे’ आणि ‘ना’ यांचा आग्रह ‘कम ऑन’मध्ये आला. ‘टपरी’ बदलली म्हणूनच ‘कटिंग’ ठेवता आलं, कारण ‘टी स्टॉल’मुळे ते चहाचंच असणार हे कळतं. ‘यार’ राहिला, कारण त्यातली सलगी इंग्रजीत दुसऱ्या कशानं येत नाही. पण तो प्रत्येक वाक्यात नको. सलगी एकदा कळली की पुढचे बरेचसे गाळा.

‘चाय’बद्दल मात्र जपून. इंग्रजी वाचकाला त्यातून मसाला चहा दिसतो. घरात आई नुसता ‘चहा घे’ म्हणत असेल तर ‘टी’च बरोबर. ‘आई’, ‘दादा’ ही नाती ठेवा, आणि संवादात तिरपा टाइप नको.