बाळाचा पाळणा आईवडिलांच्या खोलीत नेमका कुठे ठेवावा?

प्रश्न: "पुढच्या महिन्यात बाळ येणार आहे. आमची खोली १० बाय १२ फुटांची आहे. मधोमध डबल बेड, त्याच्या डावीकडे लोखंडी कपाट, पश्चिमेला खिडकी. सासूबाई म्हणतात पाळणा खिडकीखाली ठेवा, ऊन मिळेल. नक्की कुठे ठेवावा?"

उत्तर: मी कोल्हापुरात घरांच्या अंतर्गत रचनेचे काम करते. आपण दिलेल्या मापांवरून सांगते की पाळणा बेडच्या बाजूला, आईच्या हाताच्या अंतरावर यावा आणि त्यासाठी आधी कपाट तिथून हलवावे.

बाळ खोली आईवडिलांचीच वापरेल, पण झोपण्याची जागा त्याची स्वतंत्र हवी. निदान पहिले सहा महिने अशी रचना ठेवावी, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. खिडकीखालची जागा मात्र मी टाळायला सांगेन. आपल्याकडे पावसाळ्यात पश्चिमेचा वारा थेट आत घुसतो, भिंतीला ओल धरते आणि कापसाची गादी दमट होते. शिवाय पडद्याची दोरी बाळाच्या हाती लागून गळ्याभोवती अडकण्याचा धोका असतो, म्हणून पाळणा खिडकीपासून आणि लोंबणाऱ्या दोरीपासून किमान तीन फूट दूर असावा. सासूबाईंची उन्हाची इच्छा सकाळी बाळाला मांडीवर घेऊन पुरी करता येते.

आता प्रत्यक्ष मांडणी पाहू. खोलीची पूर्व-पश्चिम रुंदी १० फूट आहे, बेडचे डोके उत्तरेच्या भिंतीला आहे आणि बेड ५ बाय साडेसहा फुटांचा आहे, असे मी धरते. तो पूर्वेच्या भिंतीला सरकवला की पश्चिमेकडे पाच फूट मोकळे होतात. २ बाय ४ फुटांचा पाळणा तिथे, बेडच्या डोक्याकडच्या भागाला समांतर ठेवावा. बेड आणि पाळणा यांत वीतभर अंतर ठेवावे, म्हणजे मोठ्यांचे पांघरूण घसरून बाळावर जाणार नाही; उत्तरेच्या भिंतीपासूनही तेवढेच अंतर असू द्यावे, म्हणजे ओल पोहोचणार नाही. पाळण्याचे चारही कठडे लावलेले असावेत. आईने पाळण्याच्या बाजूला झोपावे. पायथ्याकडे दीड-दोन फूट बेड मोकळा राहतो, तिथून तिला रात्री सहज उतरता येईल. खिडकी खोलीच्या दक्षिण टोकाकडे असेल तर तीन फुटांचे अंतर आपोआप मिळते. मधोमध असेल तर पडद्याची दोरी काढून टाकावी आणि पडदा आखूड करून घ्यावा.

कपाट दक्षिणेच्या भिंतीला न्यावे. तरीही साडेसहा फूट उंचीचे कपाट पुढे पडले तर त्याचा माथा पाळण्याच्या जवळपास पोहोचतो, त्यामुळे अंतरावर न विसंबता ते भिंतीला बांधणे आवश्यक आहे. पेठांमधल्या जुन्या घरांत शहाबादी फरशी उंचसखल असते आणि कपाट नकळत पुढे झुकलेले असते. तपासायचे असेल तर दोन्ही दारे पूर्ण उघडून वरची कड हाताने हलकेच पुढे ओढून पाहावी. मागचे पाय किंचित जरी उचलले तरी पुढच्या पायांखाली लाकडी पाचर द्यावी आणि माथ्याशी दोन एल अँगल लावून ते भिंतीत लांब स्क्रूने पक्के करावे. स्क्रू नुसत्या गिलाव्यात किंवा विटांच्या सांध्यात नको, विटेतच गेला पाहिजे. ड्रिल करताना भुसभुशीत माती येऊ लागली तर जागा बदलावी. जड पितळी भांडी, ट्रंका कपाटावर ठेवू नयेत, तळाशी ठेवाव्यात.

पाळणा घेताना गजांमधील अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा कमी आहे का, हे मोजून घ्यावे. त्याहून जास्त असेल तर बाळाचे अंग बाहेर सरकते आणि डोके अडकते. गादी कडक आणि सपाट असावी. हाताने दाबून सोडल्यावर खोलगा उरत असेल तर ती मऊ आहे. गादी आणि कठडा यांमध्ये दोन बोटांहून अधिक फट नको. गादीवर फक्त ताणून बसवलेली चादर असावी; मोहरीची उशी, लोड, गोधडी, खेळणी यांपैकी काहीही नको, आणि बाळाला प्रत्येक वेळी पाठीवरच झोपवावे. हे ऐकून घरातील ज्येष्ठांना खटकेल, कारण उशीने डोके गोल होते अशी समजूत आहे. परंतु लहान बाळाला तोंडावर आलेले कापड बाजूला करता येत नाही, हे त्यांना शांतपणे समजावून सांगावे. झोळीबाबतही तसेच. झोळीत हनुवटी छातीवर टेकून श्वासाची वाट दबते, म्हणून रात्रीची झोप सपाट पाळण्यातच व्हावी.

मच्छरदाणी छताला टांगून, कडा गादीखाली ताणून खोचलेली असावी. सैल जाळी चेहऱ्यावर येते. डासांच्या मशीनची आणि मोबाइल चार्जरची वायरही पाळण्यापासून किमान तीन फूट दूर असावी. आंघोळीनंतर धुरी देण्याची पद्धत असल्यास निखाऱ्यांची शेगडी या खोलीत आणूच नये, कारण बंद खोलीत साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो आणि तो बाळाप्रमाणेच बाळंतिणीलाही घातक असतो.