बॉयलर अटेंडंट आणि अकाउंट्स क्लार्क एकाच ग्रेडमध्ये कसे?

प्रश्न: वेर्ण्यातल्या आमच्या कारखान्यात बॉयलर अटेंडंट आणि अकाउंट्स क्लार्क एकाच पगार-ग्रेडमध्ये कसे?

उत्तर: ग्रेड ठरवताना प्रत्येक कामाचं गुण देऊन मूल्यमापन होतं आणि हे गुण माणसाला नाही, कामाला मिळतात. समजा, कौशल्याला 200, जबाबदारीला 150, श्रमाला 75 आणि कामाच्या परिस्थितीला 75 गुण कमाल आहेत. क्लार्कला अनुक्रमे 140, 105, 30, 15 मिळाले, बेरीज 290. अटेंडंटला 100, 90, 45, 60, म्हणजे 295. ग्रेड 251 ते 300 असेल तर दोघे एकत्रच. उष्णता आणि आवाजाने कौशल्यातली तूट भरून काढली.

खरी गोम कामाच्या वर्णनात असते. ‘वाफेचा दाब सांभाळणे’ एवढंच लिहिलं, दाब बिघडल्यावर बॉयलर बंद करण्याचा निर्णय त्याचाच हे राहून गेलं, तर जबाबदारीचे गुण बुडतात. ते वर्णन आधी मागून वाचा.