कॉलेजच्या संशोधन असाइनमेंटसाठी ओसिंट, म्हणजे खुल्या स्रोतांतून माहिती काढणं, वापरायचं आहे. कोणती तंत्रं घेऊ आणि किती माहिती गोळा केली तर चालते?

तंत्रांच्या याद्या ढिगाने मिळतील. त्यापेक्षा एकच फोटो घ्या आणि तो कुठला, किती वाजताचा हे सिद्ध करा. असाइनमेंटला तेवढं भरपूर आहे.

आमच्या गटाने एका मोर्चाचा फोटो घेतला होता. तो दुपारी बारा वाजताचा असल्याचा दावा होता. एक्झिफ, म्हणजे फोटोसोबत साठवलेली वेळ-जागेची नोंद, गेलेलंच होतं, सोशल मीडियावर ते सहसा पुसलं जातं. पुलाच्या कमानी आणि चौकातले मनोरे उपग्रहचित्राशी जुळवून जागा पक्की केली. मग एका खांबाच्या सावलीकडे वळलो. फोटोतली तिरकी लांबी थेट मोजायची नसते, म्हणून सावलीचं टोक जिथे पडलं होतं ती झेब्रा क्रॉसिंगची पट्टी उपग्रहचित्रावर शोधून अंतर तिथे मोजलं. खांबाची उंची शेजारच्या बसवरून काढली. सावली उंचीच्या दुप्पट निघाली, म्हणजे सूर्य क्षितिजापासून साधारण 27 अंशांवर. सूर्याची जागा दाखवणाऱ्या सनकॅल्क साइटवर त्या तारखेला, त्या जागी बारा वाजता सूर्य 70 अंशांवर दिसत होता. तेव्हा सावली उंचीच्या निम्मीसुद्धा पडत नाही. दावा खोटा ठरला. 27 अंश सकाळीही येतात आणि दुपारनंतरही, पण आमची सावली पूर्वेकडे होती. म्हणजे फोटो उशिराचा.

काम इथे संपलं होतं. तरी गटातल्या एकाने गर्दीतल्या एका बाईचा चेहरा फेस सर्चमध्ये टाकला आणि तिचं नाव, नोकरी, मुलांची शाळा शीटमध्ये भरली. "सगळं पब्लिकच आहे की!" मी ती ओळ उडवायला लावली. तो अजून मला भित्रा म्हणतो.

तो चुकतोय. आमचा प्रश्न वेळेचा होता, तिच्या नावाने उत्तर एका मिनिटानेही बदलत नव्हतं. शिवाय चार ठिकाणी विखुरलेलं एकत्र केलं की माग काढायला तयार फाइल होते, जी आधी कुठेच नव्हती. 2016 मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी ओकेक्युपिड या डेटिंग साइटच्या सुमारे 70 हजार सदस्यांची माहिती न विचारता प्रसिद्ध केली, तेव्हाही बचाव हाच होता की ती आधीच सार्वजनिक आहे. टीका झाली आणि डेटा काढावा लागला.

कुणाचा ईमेल 'पासवर्ड विसरलात?'मध्ये टाकून फोनचे शेवटचे आकडे बघणं हेही करू नका. ते दुसऱ्याच्या खात्याचं दार वाजवणं आहे. शीटमध्ये प्रत्येक नोंदीपुढे 'कोणत्या प्रश्नासाठी' असा रकाना ठेवा. आमच्या मित्राला त्या बाईपुढे तो भरताच आला नाही.

आणि हो, पदावरच्या माणसाने पदावर असताना केलेली कामं तपासायला हरकत नाही; त्याचं घर आणि मुलं मात्र सोडा. सावलीचं गणित सपाट जमिनीवरच चालतं, उतार असेल तर दुसरा खांब शोधा.