मिनिटाला थेंब, पण मिलीमागे किती?

«सिस्टर, मी पीएचसीत नवीन लागले आहे. डॉक्टर कागदावर ‘८० मिली ताशी’ लिहितात आणि सिनियर ताई म्हणतात, ‘सत्तावीसवर ठेव’. सेटच्या पाकिटावर ‘२० ड्रॉप्स पर एमएल’ छापलेलं असतं, त्याला पुस्तकात ड्रॉप फॅक्टर म्हणतात. मराठीत त्याला थेंब-घटक म्हणायचं की थेंब-गुणक? आणि थेंब हे खरंच माप आहे का?»

‘थेंब-घटक’ अजिबात नको. घटक म्हणजे ज्यापासून एखादी वस्तू बनते ते. दवाखान्यात तर ‘रक्तघटक’ हा शब्द रोजच्या वापरातला आहे, त्यामुळे ‘थेंब-घटक’ ऐकणारीला बाटलीत काहीतरी मिसळलेलं आहे असंच वाटेल. ‘गुणक’ हिशेबाला बरोबर आहे, कारण त्या आकड्यानं आपण गुणतोच. पण गुणक म्हटल्यावर कशामागे काय मोजायचं ते कळत नाही. मला विचाराल तर मराठीत यासाठी आधीपासून चांगली रीत आहे: ‘मागे’. कापसाची वेचणी आपल्याकडे किलोमागे ठरते, भाव क्विंटलमागे बोलतात. तसंच सेटवरचं वाचायचं: मिलीमागे २० थेंब. एवढं बोललं की नवीन मुलीलाही न समजावता समजतं. वॉर्डात बोलताना तेही आखूड होऊन ‘वीसचा सेट’ आणि ‘साठचा सेट’ होतं, आणि ते उत्तम मराठी आहे.

आता थेंब हे माप आहे का, याकडे येते. मराठीत थेंब आणि टिपूस हे जवळचे शब्द आहेत, पण त्यांचं काम वेगळं आहे. टिपूस आपण मोजत नाही. ‘पावसाचा टिपूस नाही’ म्हणतो, ‘डोळ्यांत टिपूस आलं नाही’ म्हणतो, म्हणजे आहे की नाही एवढंच सांगतो. थेंब मात्र मोजतो: पोलिओचे दोन थेंब, डोळ्यात टाकायच्या औषधाचे तीन थेंब. मोजता येतो म्हणून तो माप वाटतो. पण तो स्वतः किती मोठा आहे हे शब्दात कुठेच नाही. ते ठरतं तो ज्या तोंडातून सुटतो त्यावर. साध्या सेटच्या चेंबरमध्ये वर प्लास्टिकची जाड नळी असते, तिच्यातून टपोरा थेंब पडतो आणि असे २० मिळून १ मिली होते. मायक्रो सेटच्या चेंबरमध्ये डोळ्यांजवळ धरून पाहिलं तर सुईसारखी बारीक, चकाकणारी धातूची नळी दिसते. तिचा थेंब इतका लहान की १ मिलीला ६० लागतात. दोघांनाही आपण ‘थेंब’च म्हणतो, आणि इथेच घोळ होतो.

हिशेब असा आहे. कागदावर ताशी मिली असतात, हातात घड्याळ मिनिटाचं असतं, आणि डोळ्यांपुढे थेंब. म्हणून मिलीचे थेंब करायचे (सेटवरच्या आकड्यानं गुणायचं) आणि तासाची मिनिटं करायची (६० नं भागायचं).

```
मिनिटाला थेंब = ताशी मिली × मिलीमागे थेंब ÷ ६०
```

वीसच्या सेटमध्ये गुणायचं २० नं आणि भागायचं ६० नं, म्हणजे ताशी आकड्याचा तिसरा हिस्सा झाला, जुन्या हिशेबातली तिजाई. साठच्या सेटमध्ये गुणणं आणि भागणं एकमेकांना खाऊन टाकतात, म्हणून ताशी मिली जेवढे, मिनिटाला थेंब तेवढेच. पंधराचा सेट हाती आला तर चौथाई. एवढे तीनच हिस्से लक्षात असले तर वॉर्डात कागद-पेन्सिल लागत नाही.

तुमचंच उदाहरण घेऊ. ८० मिली ताशी, वीसचा सेट. ८० ची तिजाई २६.६७, म्हणून ताई २७ म्हणतात. उलटं करून पाहा: मिनिटाला २७ म्हणजे तासाला १,६२० थेंब, त्याचे २० नं भागून ८१ मिली. एका मिलीचा फरक, चालतो. ५०० मिलीची बाटली सकाळी दहाला लावली तर ती साधारण सव्वाचारच्या आत संपेल.

मोजताना घड्याळ चेंबरच्या शेजारी धरा, म्हणजे नजर एका जागेवरून दुसरीकडे फिरत नाही. २७ थेंब म्हणजे दर सव्वादोन सेकंदांच्या आसपास एक. घाईत आपण १५ सेकंद मोजून चारनं गुणतो. पण १५ सेकंदांत एकतर ६ थेंब पडतील किंवा ७, आणि गुणल्यावर २४ मिळतील किंवा २८. खरे २७ तुम्हाला कधीच दिसणार नाहीत. एक थेंब इकडेतिकडे झाला की ताशी १२ मिलीचा फरक पडतो. मोठ्या माणसाला एवढ्यानं काही होत नसेल, लहान लेकराला होतं. म्हणून पूर्ण मिनिट मोजा. रोलर फिरवल्यावर एकदा आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा एकदा, कारण दाबलेली प्लास्टिकची नळी हळूहळू बसते आणि थेंब आपोआप बदलतात.

हिशेब बरोबर असूनही सलाईन वेळेत सरत नाही, हे रोजचंच. कोपर दुमडलं, बाटली खाली लटकवली, पेशंट बाथरूमला जाऊन आला, सुई शिरेबाहेर सरकली, काहीही असतं. आमच्याकडे नातेवाईक लगेच सांगायला येतात: ‘सिस्टर, थेंब पडून नाही राह्यला वो.’ पण थेंब पडतोय पण कमी पडतोय, हे त्यांना कळत नाही. त्यासाठी बाटलीवर मायक्रोपोरची उभी पट्टी लावून तिच्यावर तास लिहायचे. वरच्या उदाहरणात बारा वाजता ३४० मिलीच्या खुणेवर पाणी दिसायला हवं. तिथे ४०० दिसलं तर दोन तासांत १०० मिलीच गेली, म्हणजे थेंब मिनिटाला १७ च्या आसपासच पडले. आधी हात पाहा: सुईपाशी सूज, गार कातडी, दुखणं असेल तर थेंब वाढवायचेच नाहीत, सलाईन बंद करून सुई काढायची. हात नीट असेल तर पुन्हा २७ वर आणायचं. राहिलेलं भरून काढायला आपल्या मनानं ४० वर सोडायचं नाही, ते डॉक्टरांना विचारून.

‘सत्तावीसवर ठेव’ या वाक्यात काय कमी आहे, ते मी स्वतः पाहिलं आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका छोट्या दवाखान्यात होते तेव्हाची गोष्ट. हगवणीनं सुकलेलं एक लेकरू होतं, ३० मिली ताशी लिहिलेलं. मायक्रो सेट संपले होते, म्हणून दुपारच्या मुलीनं साधा सेट लावला. भिंतीवरचा तक्ता साठच्या सेटचा होता, त्यात ३० समोर ३० लिहिलं होतं. तिनं मिनिटाला ३० थेंब लावले. ड्यूटी बदलताना तिनं मला सांगितलं, ‘तीसवर आहे.’ वाक्य खरं होतं, तक्ताही खरा होता. पण वीसच्या सेटमधून मिनिटाला ३० म्हणजे तासाला ९० मिली, तिप्पट. त्या सेटवर १० थेंब हवे होते. आई म्हणाली, ‘याचं पानी लय लवकर सरून राह्यलं न,’ म्हणून मी चेंबरकडे पाहिलं, तर धातूची नळी नव्हती. तोपर्यंत वीस मिनिटं झाली होती आणि १० मिलीच्या जागी ३० गेली होती. सलाईन लगेच हळू केली, डॉक्टरांना सांगितलं, रात्रभर श्वास आणि पापण्यांची सूज पाहत बसलो. लेकरू चांगलं राहिलं.

त्या दिवसापासून मी ‘तीसवर’ हा प्रयोग सोडला. ‘वर’ला आधार म्हणून नाम हवंच, आणि इथे एक नाम पुरत नाही. ताशी मिली हे औषधाचं बोलणं आहे, मिनिटाला थेंब हे हाताचं बोलणं आहे, आणि दोघांमध्ये सेट उभा आहे. तिघांचीही नावं वाक्यात आली पाहिजेत: ‘३० मिली ताशी, वीसचा सेट, म्हणून मिनिटाला १० थेंब.’ बोलायला चार सेकंद लागतात. सेट बदलला तर ऐकणारीला वाक्य तुटलेलं लगेच ऐकू येतं.

मोठा थेंबसुद्धा अगदी पक्का नसतो, हेही सांगून ठेवते. पाकिटावरचे २० हे शुद्ध पाण्याचे मोजलेले असतात आणि त्यातही दहावा हिस्सा कमी-जास्त चालतो. रक्ताचा सेट वेगळा असतो, जाळीवाला, त्याचा आकडा त्याच्या पाकिटावरून वाचायचा, सवयीनं नाही. बीपी वाढवायची औषधं, इन्सुलिन किंवा पोटॅशियम असेल तर थेंब मोजण्यावर विसंबू नये, ती पंपानं द्यायची. पंप ताशी मिलीतच बोलतो, त्यामुळे तिथे थेंब हा शब्दच येत नाही. १०८ च्या गाडीतून जिल्ह्याला पाठवताना खड्ड्यांच्या रस्त्यावर बाटली हलते, तेव्हा आधी मोजलेले थेंब धरून चालू नका, गाडीत पुन्हा मोजा.

शेवटी तुमच्या रजिस्टरसाठी. ‘२७ थेंबावर’ असं एकवचनात लिहितात ते दुरुस्त करा: ‘२७ थेंबांवर’. एकाहून जास्त आहेत, म्हणून सामान्यरूपात अनुस्वार हवा. आणि त्याच ओळीत आधी ‘८० मिली ताशी’ आणि ‘वीसचा सेट’ लिहा.