बोगद्यातला प्रभार: ‘आवर्त’ की ‘हरात्मक’?

प्रश्न: “मुलगी पुण्यात बारावीला आहे. तिच्या सरावप्रश्नात असं वाक्य आहे: ‘एकसमान प्रभारित गोलातल्या अरुंद बोगद्यात सोडलेला परीक्षण प्रभार सरल आवर्त गती करतो.’ दुसऱ्या पुस्तकात याच ठिकाणी ‘सरल हरात्मक गती’ आहे. दोन्ही शब्द एकच का? उत्तरपत्रिकेत कोणता लिहावा?”

‘सरल हरात्मक’ लिहावा. ‘सरल आवर्त गती’ ही हिंदी पुस्तकांत रुळलेली संज्ञा आहे आणि अख्खी जोडी म्हणून तिचा अर्थ तोच. पण सुटे घेतले तर ‘आवर्ती’ आणि ‘हरात्मक’ हे एक नव्हेत, आणि तुम्ही दिलेल्या बोगद्यात तो फरक आकड्यांनी दाखवता येतो.

आवर्त म्हणजे फिरून तिथेच येणं. आवर्ती ठेव, आवर्ती दशांश, तालाचं आवर्तन, आवर्तसारणी या सगळ्यांत तोच भाव आहे. पुण्यात तर उन्हाळा आला की खडकवासल्याच्या कालव्याचं आवर्तन कधी सुटणार ही बातमी हमखास असते. यांपैकी कुठेही पुनरावृत्ती कशी होते, कोणत्या नियमाने होते, याबद्दल शब्द काही सांगत नाही. हरात्मक गतीत मात्र तोच नियम मुख्य असतो: वस्तू मध्यापासून जितकी दूर, तितक्याच प्रमाणात तिला मागे ओढणारं बल जास्त. दुप्पट अंतर, दुप्पट ओढ. या बलाला पुस्तकात प्रत्यानयन बल म्हणतात.

आता गोलाकडे. प्रभार त्याच्या सगळ्या घनफळात सारखा पसरलेला आहे, म्हणजे गोल विद्युतरोधकाचा हवा. धातूचा घेतला तर सगळा प्रभार पृष्ठभागावर जाईल आणि आत क्षेत्रच उरणार नाही. केंद्रापासून x अंतरावर असलेल्या कणावर फक्त x त्रिज्येच्या आतल्या गोलाचा परिणाम होतो. बाहेरच्या कवचाचे परिणाम एकमेकांना पूर्ण खोडतात. आतल्या गोलाचा प्रभार x च्या घनाच्या प्रमाणात वाढतो आणि कूलोमचा नियम त्याला x च्या वर्गाने भागतो. उरतो फक्त x. बोगदा अरुंद हवा तो यासाठीच: खोदून काढलेला प्रभार नगण्य असला तरच हा हिशोब टिकतो. गोलाचा प्रभार Q, त्रिज्या R, कणाचा प्रभार −q आणि कूलोमच्या नियमातला स्थिरांक k असेल तर

F = −(kQq/R³) x

मागे ओढणारं बल थेट x च्या प्रमाणात आहे. म्हणून ‘हरात्मक’.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. गोलाची त्रिज्या १० सेंटिमीटर, त्यावर एक मायक्रोकूलोम धन प्रभार. केंद्रातून जाणारा आडवा बोगदा, त्यात एक ग्रॅमचा मणी, मण्यावर एक नॅनोकूलोम ऋण प्रभार. k साठी 9×10⁹ घेतला की कंसातला स्थिरांक ०.००९ न्यूटन प्रति मीटर येतो. त्याला वस्तुमानाने भागून वर्गमूळ काढलं की कोनीय वारंवारता ३ रेडियन प्रति सेकंद, आणि आवर्तकाल सुमारे २.०९ सेकंद. मणी पृष्ठभागापाशी सोडा, पाच सेंटिमीटरवर सोडा किंवा एक सेंटिमीटरवर, तो २.०९ सेकंदांनीच परत येईल. लांबून सोडला तर तो त्याच प्रमाणात वेगाने जातो.

(प्रश्नात ‘घर्षणरहित’ हा शब्द असेल तर तो खोडू नये. या मण्याचं वजन ०.००९८ न्यूटन आहे. घर्षणांक अवघा ०.१ धरला तरी घर्षण ०.०००९८ न्यूटनपर्यंत जाऊ शकतं, आणि विद्युत ओढ पृष्ठभागापाशीसुद्धा ०.०००९ न्यूटनच आहे. मणी जागचा हलणारही नाही.)

आता हाच मणी गोलाच्या बाहेर, केंद्रापासून २० सेंटिमीटरवर सोडा; तितकीच गुळगुळीत आडवी वाट बाहेरही आहे असं धरू. बाहेर ओढ अंतराच्या वर्गाने घटत जाते. मणी पृष्ठभागाशी सेकंदाला ३० सेंटिमीटर वेगाने पोचतो, बोगदा पार करतो, पलीकडे २० सेंटिमीटरवर थांबतो आणि परत येतो. हे अखंड चालू राहतं, म्हणजे गती शंभर टक्के आवर्ती आहे. पण आवर्तकाल आता सुमारे ४.५ सेकंद होतो. त्यातले बाहेर ३.४ आणि बोगद्यात मिळून फक्त १ सेकंदाच्या आसपास. ३० सेंटिमीटरवरून सोडला तर आवर्तकाल ७.९ सेकंद. अंतर बदललं की काळ बदलतो, कारण पूर्ण वाटेवर बल x च्या प्रमाणात राहिलेलं नाही. ही गती आवर्ती आहे, हरात्मक नाही. एकाच बोगद्यात दोन्ही शब्द वेगळे उभे राहतात ते असे.

तुमच्या वाक्यात मला खटकतो तो खरं तर दुसराच शब्द. ‘परीक्षण प्रभार’ संकेताने धन मानला जातो. गोलही धन असेल तर बल केंद्रापासून दूर ढकलणारं होतं. सूत्रातलं ऋण चिन्ह जातं आणि त्याबरोबर दोलनही जातं. केंद्रापासून केसभर सरकलेला कण वाढत्या वेगाने बाहेर फेकला जाईल. म्हणून ‘विरुद्ध चिन्हाचा प्रभार’ असं स्पष्ट लिहायला मुलीला सांगा. तेवढं नसेल तर ते विधान अपुरं आहे.

हरात्मक या शब्दाचा काटेकोरपणा किती दूर नेतो, याचं एक खरं उदाहरण विज्ञानाच्या इतिहासात आहे. जे. जे. थॉमसन यांनी १९०४ मध्ये मांडलेला अणू असाच होता: एकसमान धन प्रभाराचा गोल आणि त्यात इलेक्ट्रॉन. वरच्याच सूत्रात इलेक्ट्रॉनचा प्रभार, त्याचं वस्तुमान आणि 10⁻¹⁰ मीटर त्रिज्या घाला. वारंवारता येते सुमारे 2.5×10¹⁵ हर्ट्‌झ, म्हणजे ११८ नॅनोमीटरच्या आसपास तरंगलांबीचा अतिनील प्रकाश. अणूच्या मापाचा गोल खरोखर प्रकाशाच्या पट्ट्यातली वारंवारता देतो, हे मला फार सुंदर वाटतं. पण इलेक्ट्रॉन एकटा असेल तर गती हरात्मक, म्हणून आयाम, म्हणजे मध्यापासूनचं जास्तीत जास्त अंतर, कितीही असो, वारंवारता एकच, आणि वर्णपटात रेषाही एकच यायला हवी. हायड्रोजनमध्ये एकच इलेक्ट्रॉन आहे, तरी त्याच्या दृश्य वर्णपटातच ६५६, ४८६, ४३४ नॅनोमीटर अशा रेषांची माळ दिसते, आणि बामर यांनी तिचं सूत्र १८८५ मध्येच दिलं होतं. नुसती ‘आवर्ती’ गती म्हटली असती तर ही अडचण दिसलीच नसती, कारण आवर्ती गतीची वारंवारता आयामाबरोबर बदलू शकते.