सावली बघून इंद्रधनुष्याची जागा कशी ठरवावी

प्रश्न: पाऊस थांबल्यावर काढलेल्या निसर्गाच्या फोटोत मी GIMP मध्ये इंद्रधनुष्य टाकले, पण ते वरून चिकटवल्यासारखे दिसते. सूर्यासमोरची त्याची बरोबर जागा कशी ठरवायची आणि ते पारदर्शक कसे करायचे?

इंद्रधनुष्याची जागा आकाशात शोधण्याआधी जमिनीवर शोधावी, असे मी अनुभवावरून सांगेन. सूर्य आपल्या पाठीमागे असताना आपल्या डोक्याची सावली जिथे पडते, तो बिंदू म्हणजे इंद्रधनुष्याच्या वर्तुळाचे केंद्र. तांबडी कड त्या केंद्रापासून सुमारे 42 अंशांवर असते आणि जांभळी कड आतल्या बाजूला सुमारे 40 अंशांवर. बाकी सगळे यातूनच निघते.

म्हणून फोटोतल्या सावल्या आधी नीट पाहाव्यात. खांबांच्या, झाडांच्या सावल्या तुमच्यापासून दूर, चित्राच्या आत जात असतील, तर त्या क्षितिजावर ज्या बिंदूकडे एकवटतात त्याच्या बरोबर खाली धनुष्याचे केंद्र असते. सावल्या तुमच्याकडे येत असतील तर सूर्य समोर आहे आणि त्या चित्रात इंद्रधनुष्य असूच शकत नाही. सावल्या सरळ आडव्या, डावी-उजवीकडे पडत असतील तरी साध्या फोन-कॅमेऱ्याच्या चौकटीत ते येत नाही. आणि सावल्याच नसतील, म्हणजे सगळीकडे ढगाळ सपाट उजेड असेल, तर कितीही कौशल्याने रंगवलेले धनुष्य खोटेच वाटते, कारण पाहणाऱ्याला ऊन कुठेच दिसत नाही. अशा वेळी दुसरा फोटो निवडणे हाच मला योग्य उपाय वाटतो.

दुसरी गोष्ट सूर्याच्या उंचीची. सूर्य क्षितिजाच्या जितका वर, तितके केंद्र क्षितिजाच्या खाली. म्हणून सूर्य 42 अंशांपेक्षा वर असेल तर सपाट जमिनीवरून पाहणाऱ्याला आकाशात धनुष्य दिसत नाही. पुण्याच्या परिसरात ऑगस्टच्या मध्यावर सूर्य दुपारी चारच्या सुमारास या उंचीखाली येतो, त्यामुळे दोन वाजता काढलेल्या फोटोत धनुष्य घालणे म्हणजे उघड चूक ठरते. फोटोची वेळ ठाऊक नसेल तर खांबाची सावली मोजावी: सपाट जमिनीवर सावली खांबाच्या उंचीच्या पावणेतीनपट असेल तर सूर्य 20 अंशांवर आहे.

आता याच 20 अंशांचे उदाहरण घेऊ. पवना धरणाच्या काठावरून, ऑगस्टच्या मध्यावर संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, पूर्वेकडे तोंड करून फोनवर काढलेला 4000×3000 पिक्सेलचा फोटो आहे असे समजा. क्षितिज उभ्या चौकटीच्या मध्यावर आहे आणि सावल्या चित्राच्या मधोमध आत जात आहेत. फोनच्या मुख्य लेन्सचे समतुल्य नाभीय अंतर 26 मिमी धरले, तर चित्राच्या कर्णाचे पिक्सेल (येथे 5000) गुणिले 26 भागिले 43.3 असे केल्यावर साधारण 3000 पिक्सेल येतात. हा आकडा म्हणजे अंशांचे पिक्सेल करण्याची मोजपट्टी.

केंद्र क्षितिजाच्या 20 अंश खाली असल्याने धनुष्याचा माथा 42 वजा 20, म्हणजे 22 अंश वर येतो. 3000 गुणिले 22 अंशांचे tan केल्यावर 1212 पिक्सेल मिळतात, म्हणजे माथा चित्राच्या वरच्या कडेपासून सुमारे 290 पिक्सेल खाली. केंद्र क्षितिजाच्या 1092 पिक्सेल खाली येते आणि जमीन सपाट असेल तर तिथेच तुमच्या डोक्याची सावली दिसायला हवी. ही पडताळणी अवश्य करावी. धनुष्याची दोन्ही टोके क्षितिजाला मध्यापासून 2300 पिक्सेलहून दूर टेकतात, पण चित्राची अर्धी रुंदी 2000 पिक्सेलच आहे. म्हणजे या फोटोत पूर्ण कमान मावतच नाही. ती दोन्ही कडांना क्षितिजाच्या 365 पिक्सेल वर चित्राबाहेर निघून जाते. चौकटीत नेटकी बसवलेली लहानशी कमान खोटी वाटते ती नेमकी यामुळे. शिवाय क्षितिज मध्यावर धरल्याने लेन्सच्या प्रक्षेपणात वर्तुळ थोडेसे उभे ताणले जाते. या उदाहरणात उंची रुंदीच्या सुमारे 1.13 पट होते.

काम करताना मी आधी फोटोची अचूकता 16 बिटांवर नेतो, नाहीतर मंद रंगछटांत पट्टे उमटतात. मग 6400×6400 पिक्सेलचा नवा काळा स्तर घेऊन त्याच्या मध्यापासून 3040 पिक्सेलपर्यंत गोलाकार (Radial) ग्रेडियंट ओढतो. त्यात बहुतेक भाग काळाच राहतो. रंग फक्त शेवटच्या साडेतीन टक्क्यांत येतात, आत जांभळा आणि बाहेर तांबडा, आणि त्यापलीकडे पुन्हा काळा. सात रंगांचे सारखे पट्टे करू नयेत. खऱ्या धनुष्यात तांबड्याची कड सर्वांत स्पष्ट असते, तर जांभळा बहुधा विरून गेलेला असतो. नंतर स्तराची उंची 1.13 पट करून तो अशा जागी सरकवतो की तांबड्या कमानीचा माथा 290 पिक्सेलच्या खुणेवर बसेल. पट्टा माथ्याशी सुमारे 120 पिक्सेल रुंद असतो, म्हणून 15 ते 20 पिक्सेलचा Gaussian Blur पुरतो.

पारदर्शकतेचे मूळ उत्तर स्तराच्या Mode मध्ये आहे. इंद्रधनुष्य म्हणजे रंगाचा लेप नसून मागच्या दृश्यावर पडलेला जास्तीचा प्रकाश असतो. Normal मध्ये ठेवून केवळ Opacity कमी केली तर काळा भाग आकाशाला मळकट करतो आणि रंगही ढगाला झाकतात. Screen मध्ये काळा आपोआप नाहीसा होतो आणि रंग मागच्या उजेडात मिसळतात. गडद ढगावर धनुष्य उठून दिसते, उजळ पांढऱ्या ढगावर ते जवळपास पुसले जाते, आणि निसर्गातही तसेच होते. मी Opacity 25 ते 35 टक्क्यांच्या दरम्यान ठेवतो. एका जागी कमान फिकी पडली म्हणून संपूर्ण स्तराची Opacity वाढवायचा मोह टाळावा.

यानंतर मास्कवर वेळ द्यावा. धनुष्य तिथेच दिसते जिथे पावसाचे थेंब आहेत आणि त्यांच्यावर ऊन पडते आहे. जवळचे झाड, घर, तारेचे कुंपण यांच्या पुढ्यात पाऊस पडत नसेल, तर त्यांच्यावरून रंग पूर्ण पुसावेत. दूरच्या डोंगरापुढे मात्र सर पडत असेल तर धनुष्य डोंगरावरूनही खाली उतरते, म्हणून तिथे मास्क करड्या रंगाने अर्धवट पुसावा. मोठ्या मऊ ब्रशने कमानीचा एखादा भाग विरळ करावा, विशेषतः जिथे पावसाचा पडदा संपतो तिथे.

शेवटी आणखी एक बारकावा. धनुष्याच्या आतले आकाश बाहेरच्यापेक्षा किंचित उजळ असते, कारण थेंबांतून आत परतणारा प्रकाश त्या बाजूला पसरतो. कमानीच्या आतला भाग मऊ कडेने निवडून Curves ने थोडासा उजळला तर चित्र लगेच पटते. दुसरे, फिके धनुष्य 51 अंशांवर आणि उलट्या रंगक्रमाने येते. या फोटोत त्याचा माथा चौकटीबाहेर जातो आणि ते फक्त वरच्या दोन कोपऱ्यांत दिसू शकते, म्हणून येथे मी ते घालणार नाही. फोटोला दाणे असतील तर धनुष्याच्या स्तरालाही तितकेच हलके Noise द्यावे, कारण दाणेदार आकाशातला गुळगुळीत पट्टा शंभर टक्के मोठे करून पाहिल्यावर लगेच उघडा पडतो.