अठ्ठाविसावं चालू असलं तरी वय सत्तावीसच

प्रश्न: नोकरीच्या फॉर्मवर वय लिहिताना चालू वर्ष धरायचं की पूर्ण झालेलं? माझा जन्म 14 नोव्हेंबर 1998 चा आहे. घरी सगळे वेगवेगळं सांगतात.

पूर्ण झालेलं. घरच्यांना यात विचारूच नका, माझं त्यातूनच वाटोळं झालं.

माझा जन्म 9 सप्टेंबर 1981, भर गणपतीतला. 2009 साली एका कार्यालयाची जाहिरात आली होती. अट अशी की 1 ऑगस्ट 2009 रोजी वय 28 पेक्षा कमी हवं. मी तेव्हा मालवणात, दादा कणकवलीला. त्याचं अक्षर चांगलं म्हणून फॉर्म त्याने भरला. वयाच्या रकान्यात त्याने सरळ 28 लिहिलं. मी म्हटलं, अरे अजून सप्टेंबर यायचाय. तर म्हणतो, "अठ्ठाविसावा चालू आसा मा? मगे अठ्ठावीसच लिव." वर आईनेही मान डोलावली, कारण आमच्याकडे वय 'लागतं'. साठी लागली, सत्तरी लागली. बोलायला ठीक आहे, पण फॉर्मला लागलेलं चालत नाही, सरलेलं लागतं.

छाननीत अर्ज बाद झाला. मी जाऊन विचारलं तर बाबूने रकान्यावर बोट ठेवलं. जन्मतारीख बरोबर, दाखला जोडलेला, पण 'वय' या शब्दापुढे 28. तारखेवरून त्याने हिशोब केला असता तर मी बसत होतो. त्याने केला नाही, आणि मुदत संपल्यावर दुरुस्ती नाही म्हणाला.

तो हिशोब असा. वर जाहिरातीतली तारीख लिहा, 1-8-2009. खाली जन्मतारीख, 9-9-1981. दिवसांपासून वजाबाकी करा. 1 मधून 9 जात नाहीत, म्हणून एक महिना उसना घ्यायचा. तो महिना जुलै, म्हणजे 31 दिवस. 32 वजा 9, 23 दिवस. इथे सगळे डोळे झाकून 30 धरतात आणि एक दिवस चुकतो. महिन्याचे उरले 7, त्यातून 9 जात नाहीत, एक वर्ष उसनं घेऊन 19 वजा 9, 10 महिने. वर्षं 2008 वजा 1981, 27. माझं वय 27 वर्षं 10 महिने 23 दिवस. नुसतं वय विचारलं तर 27 लिहा. 10 महिने झालेत म्हणून 28 करायचं नाही, इथे पूर्णांकात वर ढकलायची पद्धत नाही.

तुमची गोष्ट वेगळी नाही, फक्त तुम्ही जाहिरातीतली तारीख लिहिलीच नाहीत. आजच्या तारखेने नाही, फॉर्म भरायच्या दिवसानेही नाही, 'या दिनांकास' म्हणून जी छापली असेल तीच वर घ्यायची. ती नसेल तरच अर्जाची शेवटची तारीख.

एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी होती. तुमचा वाढदिवस त्या तारखेच्या बरोबर दुसऱ्या दिवशी येत असेल तर वरची वजाबाकी फसवते. कायदा जन्माचा दिवस पूर्ण धरतो, म्हणजे वर्ष वाढदिवसाच्या आदल्या दिवशी संपतं. राजस्थानातल्या एका उमेदवाराचा जन्म 2 जानेवारी 1956 चा होता आणि 1 जानेवारी 1984 ला त्याची 28 पूर्ण झालेली नकोत अशी अट होती. वजाबाकीने तो 27 चा दिसत होता. 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की 1 जानेवारीच्या मध्यरात्रीच त्याची 28 पूर्ण झाली. एका दिवसाने गेला बिचारा. म्हणूनच केंद्र सरकारच्या नोकरीत पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस मागच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. तुमचा 14 नोव्हेंबर असल्याने तारीख 13 ची छापली असेल तरच ही भानगड.

दादा आजही मानत नाही. बाबांची तारीख 1 जून 1948, म्हणजे अर्थातच हेडमास्तरांनी लिहिलेली. एप्रिल 2023 मध्ये दादा त्यांना घेऊन एसटीत चढला आणि कंडक्टरला म्हणाला, यांना फुकट, पंच्याहत्तर लागलीत. कंडक्टरने आधार पाहिलं, बोटांवर मोजलं आणि अर्धं तिकीट फाडलं. म्हणाला, "काका, जून उजाडू देत, मग या."

ते तिकीट माझ्या पाकिटात आहे.